पालमची शुगर, मेलबर्नचा हिशोब

रक्तातली साखर मोजणं सोपं आहे; अवघड आहे ती मेलबर्नला पाठवणं. समजा, पालमच्या आजोबांच्या रिपोर्टचा फोटो तिकडे नोकरीला असलेल्या नातवाच्या मोबाइलवर गेला. फास्टिंग शुगर १२६. आपल्याकडचा आकडा mg/dL मधला, म्हणजे एक डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, कॅनडात चालतं ते mmol/L. तिथं फास्टिंग शुगर सातला पोचली की डॉक्टर मधुमेहाचं नाव काढतात. मग १२६ बघून नातवानं थेट विमानाचं तिकीटच काढायचं! पण १२६ला १८नं भागलं की उत्तर बरोबर ७ येतं. म्हणजे रेघ दोन्हीकडे एकच, फक्त आकडा वेगळा.

अठराचा पाढा पाठ असला की माणूस तो कुठंही लावतो. त्याच रिपोर्टवर कोलेस्टेरॉल २१० आहे. १८नं भागलं तर ११.७ येतात आणि आजोबांचं तूप त्याच दिवशी बंद होतं. खरा भाजक ३८.६७, उत्तर ५.४, म्हणजे जरा काठावरचं. असं का? मिलिग्रॅम म्हणजे वजन आणि मिलिमोल म्हणजे रेणूंची मोजदाद. मोंढ्यावर किलोभर ज्वारीत आणि किलोभर शेंगदाण्यांत दाणे सारखे भरतील का? ग्लुकोजचा रेणू १८० वजनाचा, कोलेस्टेरॉलचा जवळपास ३८७. डेसिलिटरवरून लिटरवर येताना दहाचा फरक पडतो, म्हणून एकाला १८ आणि दुसऱ्याला ३८.७. ट्रायग्लिसराइडचा भाजक आणखी निराळा, सुमारे ८८.६.

कुणी म्हणेल, एवढी डोकेफोड कशाला, मोबाइल करतो की! करतो, पण तो दिलेला आकडा भागतो, तो आकडा खरा की खोटा हे त्याला कळत नाही. मेलबर्नहून आणलेल्या मीटरवर ५.४ आले, म्हणजे आपले ९७, सगळं ठीक. अंधुक फोटोत ते टिंब पुसलं गेलं की उरतात ५४, आणि आपल्या मापात ५४ म्हणजे साखर धोक्याची घसरलेली. घरभर ग्लुकोजच्या पुड्यांची धावाधाव! अशा वेळी शेजारची नॉर्मल रेंज बघावी. तिथं ७० ते १०० असेल तर mg/dL, ३.९ ते ५.६ असेल तर mmol/L. मीटरला अशी रेंज नसते, म्हणून त्याच्या पडद्यावरचं एकक बघावं.

आता कुणी विचारेल, रेंज आहेच तर भागाकार हवाच कशाला? एका रिपोर्टपुरता नकोच. पण पालमचा जूनचा आकडा आणि मेलबर्नचा डिसेंबरचा शेजारी ठेवायचे, तर दोन्ही एकाच मापात आणावेच लागतात.

म्हणून फोटो काढताना अंगठा एककाच्या रकान्यावरून बाजूला घ्या, पूर्ण पान घ्या, आणि भागाकाराच्या भरवशावर गोळी मात्र कमीजास्त करू नका.