चष्म्यावर खापर

अख्ख्या आळीच्या चिठ्ठ्या घेऊन मेडिकलला जाणारा एक माणूस गावोगावी असतो. पिंपळवंडीत ते काम निवृत्त गुरुजींकडे आहे. शाळेत त्यांनी कान पिळण्यात कसूर केली नाही, पण काउंटरपाशी आले की आवाजात साय येते. गुरुजी कधीच ‘तुमचं चुकलं’ म्हणत नाहीत. चुकतो तो त्यांचा चष्मा.

परवा शेजारच्या आजींची चिठ्ठी होती. आमवातावरची मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅम. पुढे दोन इंग्रजी अक्षरं. पहिलं ‘ओ’, दुसरं ‘डी’ म्हणा नाहीतर ‘डब्ल्यू’. ‘ओडी’ म्हणजे रोज एकदा, ‘ओडब्ल्यू’ म्हणजे आठवड्यातून एकदा. डॉक्टरांनी चिठ्ठी सुवाच्य लिहावी, शक्यतो कॅपिटल अक्षरांत, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ सालीच सांगून ठेवलंय. पेनापर्यंत निरोप अजून पोचायचाय. मेडिकलवाल्या भाऊंनी पुडीवर लिहिलं होतं, ‘रोज १’.

गुरुजींनी आधी गिऱ्हाइकं पांगू दिली. चारचौघांत विचारलं की माणूस उत्तर द्यायचं सोडून स्वतःला सावरत बसतो, हे त्यांना शाळा तपासणीपासून ठाऊक.

“भाऊ, चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. हे अक्षर जरा वाचून द्या की.”

“ओडी, गुरुजी. रोज एक.”

“असेल, असेल. पण गोळ्या लिहिल्यात चार, अन् आजींना बोलावलंय महिन्यानं. मग पाचव्या दिवशी म्हातारीनं काय घ्यायचं? माझं गणित आता कच्चं झालंय.”

चाळीस वर्षं गणितच शिकवलेला माणूस हे बोलतो, तेव्हा समोरच्यानं हसू दाबायचं असतं. भाऊंना मात्र हसू आलंच नाही. चार गोळ्या, चार आठवडे. त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच देतात. रोज गेली तर तोंड सोलवटतं, ताप येतो, रक्तातल्या पेशी घटतात. जिवावरही बेतू शकतं.

“मलाही आता डब्ल्यू वाटतोय,” भाऊ म्हणाले.

“वाटतोय ना? मग डॉक्टरांनाच विचारू या का? तुमचं तुम्हाला, माझं मला, दोघांचंही समाधान. तोवर गोळी पुडीत राहू द्या.”

अंदाज पटला तरी अंदाजावर गोळी न्यायची नाही, एवढ्यापुरता गुरुजींचा मऊपणा संपतो. ते बाकावर बसले. फोन तिसऱ्यांदा लागला. आठवड्यातून एकदाच, रविवारी. भाऊंनी ‘रोज १’ खोडलं नाही, पुडीच बदलली आणि ठळक लिहिलं: ‘फक्त रविवारी १’.

“बरं झालं हो, तुम्ही फोन लावलात,” गुरुजी उठत म्हणाले. म्हणजे श्रेयही भाऊंच्याच पदरात. मग दारातून परत वळले.

“आणि हे फोलिक ॲसिड... रविवार सोडून ना? नाही, माझा चष्मा—”

भाऊंनी मुकाट्यानं पुन्हा फोन उचलला.