दोऱ्याचे मानकरी

नारायण पेठेत बोटात अंगठी अडकली की माणूस आधी बायकोवर चिडतो, मग सोनारावर, आणि दोघंही बधत नाहीत असं दिसलं की कंपाउंडरकाकांचं दार वाजवतो. हे काका म्हणजे एकच एक गृहस्थ नव्हेत. पत्र्या मारुतीच्या बाजूला एक आहेत, मोदी गणपतीच्या मागे एक आहेत, नदीकडे उतरणाऱ्या बोळात बहुधा दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. आडनावं निराळी, गोत्र एकच. उभा जन्म कुठल्या तरी फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला. लाल औषध बाटलीत ओतायचं, बाटलीवर खाचांची कागदी पट्टी चिकटवायची, आणि पेशंटला ‘डॉक्टर आत आहेत’ हे वाक्य धमकीच्या सुरात सांगायचं. पुढे डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. काका मात्र उरले, आणि त्यांच्याबरोबर उरली ती बोटातली अंगठी दोऱ्याने काढायची विद्या.

आमच्या इमारतीतला नमुना दुसऱ्या मजल्यावर राहतो. दार उघडल्यावर पहिला प्रश्न, “कधीपासून?” दुसरा, “ओढली का?” ओढली नाही असं कुणीच सांगू शकत नाही. सगळ्यांनीच ओढलेली असते. मग काका खुर्चीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, “बसा. हात वर करा.” आलेला माणूस पुणेकर असल्यामुळे कारण विचारतो. काका कारण सांगत नाहीत. ते घड्याळाकडे बघतात.

ही दहा मिनिटं काकांच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. समोरचा माणूस शाळेतल्यासारखा हात वर करून बसलेला, त्याला उठता येत नाही आणि फोनही धड बघता येत नाही. एवढ्यात काका पेठेची घसरण, नळाचं पाणी आणि हल्लीचे डॉक्टर एवढे तीन विषय संपवतात. पण त्या हात वर करण्यात अर्धं काम झालेलं असतं. हात छातीच्या वर राहिला की बोटात साचलेलं पाणी खाली उतरतं. जोडीला फडक्यात गुंडाळलेला बर्फ मधूनमधून टेकवायचा. उघडा बर्फ कातडीला लावलेला काकांना खपत नाही. पुष्कळांची अंगठी एवढ्यावर आणि साबणाच्या फेसावर सुटते, आणि तेव्हा काकांचा चेहरा जरासा पडतो, कारण दोरा डब्यातच राहिलेला असतो.

डबा श्रीखंडाचा. आत दातांत घालायच्या दोऱ्याची डबी, केसांची एक पिन, साबणाची चिपटी आणि जुन्या धोतराचं फडकं. शिवणाचा दोरा त्यात नाही, कारण तो बारीक असतो आणि सुजलेल्या कातडीत रुततो. दातांचा दोरा चपटा, मेणाचा हात फिरवलेला, म्हणून गुळगुळीत. तो नसेल तर राखीचा रेशमी दोरा चालतो. एकदा एक उत्साही पोरगा धावत जाऊन मांजा घेऊन आला होता. काचेची पूड लावलेला मांजा! त्या पोराला काका अजूनही जिन्यात ओळख देत नाहीत.

त्यांची खरी कसोटी लागते अनंत चतुर्दशीला. केळकर रस्त्यावरून पथकांमागून पथकं जात असतात आणि ढोल वाजवणाऱ्यांचे हात तासन् तास चालू असतात. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थापी. ऊन, घाम, सतत खाली असलेले पंजे आणि चामड्यावर आपटणारी बोटं, यांनी हात फुगतो. मागे एका वर्षी अशीच एक ढोलवाली मुलगी मैत्रिणींच्या गराड्यात जिना चढून आली. थापीच्या हाताची अनामिका, साखरपुड्याची अंगठी आणि तिच्यापुढे वांग्यासारखं झालेलं बोट. मैत्रिणींनी वाटेतच वाटीभर खोबरेल चोपडलं होतं.

“तेल?” काका म्हणाले. “आता मी दोरा धरू कशाने, दातांनी?”

तेल वाईट असं त्यांचं म्हणणं नाही. तेल, तूप, भांड्यांचा पातळ साबण, औषधाच्या दुकानातली जेली, सोनोग्राफीला लावतात ते थंडगार प्रकरण, सगळं चालतं. काच पुसायच्या फवाऱ्यानेही अंगठ्या निघतात हे ते नाइलाजाने कबूल करतात, फक्त कातडी सोललेली नसावी. पण नुसतं चोपडून सरळ ओढायचं हा अडाणीपणा. अंगठी पेचासारखी डावी-उजवी फिरवत पुढे आणायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने बोटाच्या पाठीवरची कातडी मनगटाकडे ताणून धरायची, म्हणजे सांध्यापुढे तिची चुणी जमत नाही. अडतं ते त्या चुणीपाशी. सरळ हिसडे दिले की सांधा आणखी सुजतो आणि दर हिसड्यागणिक अंगठी घट्ट होते.

तेवढ्यात काकांनी तिचं नख दाबलं. म्हणजे दाबायला गेले, तर नखावर मोरपिशी रंग. रंगाखाली काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. मग त्यांनी बोटाचं टोक दाबलं, पांढरं झालं तसं सोडलं, आणि ‘मोरया’ म्हणून होईपर्यंत ते पुन्हा गुलाबी झालं. दोन सेकंदांत रंग परतला म्हणजे रक्त पोचतंय. दुसऱ्या हाताचं तेच बोट दाबून त्यांनी ताळा केला. “मुंग्या येतात? बधिर वाटतं?” नाही. “बोट वाकतं?” वाकलं. बोटाला मार लागला होता का, हाड दुखतं का, हेही विचारून झालं. मोडलेल्या, कापलेल्या किंवा पू झालेल्या बोटाला ते दोऱ्याचं टोकसुद्धा लावत नाहीत.

सूज का वाढत जाते हे त्या दिवशी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून समजावलं. बोटात रक्त आणणारी नळी जाड आणि जोरकस, परत नेणाऱ्या नळ्या मऊ. अंगठी आवळली की आधी परतीच्या नळ्या दबतात. “म्हणजे आजचा अलका टॉकीज चौक. मागून येणारे येतायत आणि पुढचा कुणी हलत नाही.” सगळ्या पोरी हसल्या. काका हसले नाहीत, कारण त्यांच्या मते तो विनोद नव्हता.

मग हात वर, बर्फ, आणि तेल साबणाने धुऊन बोट कोरडं. आता दोरा. दोन हात पसरून मावेल त्याहून बराच कमी, मीटरभर. पिनेच्या बाकाने त्याचं एक टोक अंगठीखालून तळव्याच्या बाजूला सरकवलं आणि वीतभर मोकळं सोडलं. उरलेला लांब दोरा नखाकडच्या बाजूला. तो अंगठीला अगदी खेटून गुंडाळायला सुरुवात केली, वेढ्याला वेढा चिकटवत, मधे फट न ठेवता. फट राहिली की तिथून मांस वर येतं आणि अंगठी नेमकी त्या गादीवर अडते. असं करत सांधा ओलांडला, त्याच्याही थोडं पुढे गेले, आणि शेवट तिच्याच अंगठ्याखाली दाबायला दिला. सुजलेला सांधा दोऱ्याखाली बारीक झालेला डोळ्यांना दिसत होता. बोट जांभळट झालं, तिने ओठ चावला. इथे रेंगाळायचं नसतं, आवळलेलं बोट दोन-चार मिनिटांत मोकळं झालंच पाहिजे.

वेढ्यांवर साबण फिरवून काकांनी तळव्याकडचं मोकळं टोक धरलं, ते नखाच्या दिशेने वळवलं आणि ज्या दिशेने गुंडाळलं त्याच दिशेने उलगडू लागले. दोरा अंगठीखालून सुटताना तिला पुढे रेटतो. एक वेढा सुटला की अंगठी एक वेढा पुढे. सांध्यावर आली तेव्हा मुलगी ओरडली, खाली नेमका तिच्याच पथकाचा ढोल घुमत होता त्यामुळे ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही, आणि पुढच्या दोन फेऱ्यांत अंगठी टेबलावर. बोटावर दोऱ्याचे वळ होते. काकांनी पुन्हा टोक दाबून रंग बघितला, हात वर धरायला सांगितला आणि सूज पुरती उतरेपर्यंत अंगठी घालायची नाही म्हणून बजावलं. ती पैसे काढायला लागली तर काकांनी असं बघितलं की तिने ते परत ठेवले.

अशा वेळी काका फार मोठे वाटतात, आणि त्यांना स्वतःलाही तसं वाटतं. पण माझ्या मते त्यांचा मोठेपणा दुसऱ्या एका प्रसंगात आहे. तळमजल्यावरच्या जावईबुवांना बोटावर गांधीलमाशी चावली. चावल्या चावल्या, सूज चढायच्या आत अंगठी काढायची, हा साधा नियम. जावईबुवांनी ती काढली नाही, कारण ती पुष्कराजाची होती आणि गुरुजींनी तर्जनीतून उतरवू नका म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले तेव्हा बोट तुकतुकीत, गार आणि निळसर. काकांनी नख दाबलं. ‘गणपती बाप्पा मोरया, मंगलमूर्ती मोरया’ होऊनही नख पांढरंच. डब्याचं झाकण त्यांनी उघडलंसुद्धा नाही.

“कापायची. आत्ता. रिक्षा बोलवा.”

“काका, दोरा तरी बघा ना एकदा. बावीस कॅरेटची आहे हो.”

“सोनं सोनार जोडून देईल. बोट जोडणारा सोनार मला माहीत नाही.”

इस्पितळात काकाही बरोबर गेले, कारण दुसऱ्याचं काम बघून नावं ठेवायची संधी ते सोडत नाहीत. तिथल्या तरुण डॉक्टरने डबा उघडायच्या चावीसारखं एक छोटं हत्यार आणलं. त्याची पातळ जीभ अंगठीखाली जाते आणि कातडी वाचवते. वरून दातेरी चाक, ते हाताने फिरवायचं. काप तळव्याच्या बाजूला, खड्यापासून दूर, जिथे पट्टी बारीक असते तिथे. सोनं मऊ, त्यामुळे फार वेळ लागला नाही. मग दोन पकडींनी कापलेली टोकं फाकवली आणि बोट बाहेर आलं. काकांना नावं ठेवायला काही सापडेना, म्हणून ते म्हणाले, “टंगस्टनची असती तर?” डॉक्टर म्हणाला, “ती कापत नाही काका, पकडीत धरून हळूहळू आवळत तडकवतो.” काका गप्प. ही माहिती त्यांच्या काळात नव्हती. घरी येईपर्यंत मात्र ती त्यांच्या काळात होती.

बोट वाचलं. पण ती अंगठी सासऱ्यांनी अधिक महिन्याच्या वाणात दिलेली होती, आणि सासरे हजर होते. कापाखाली डॉक्टरने कापसाचा बोळा धरला होता. सासऱ्यांनी तो मागून घेतला, कागदाच्या पुडीत बांधला आणि सकाळी लक्ष्मी रस्त्याच्या दिशेने निघाले. सोनाराकडे अंगठीचं वजन आधीच्या पावतीपेक्षा कमी भरलं, ते ठीकच होतं. वाद पेटला तो पुडीवरून. सासऱ्यांचं म्हणणं, कीस कमी आहे. डॉक्टरचा प्रश्नच नव्हता, तो परका. संशय कंपाउंडरकाकांवर, कारण बोळा पुडीत बांधताना कागद त्यांनी धरला होता. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. सासऱ्यांच्या करंगळीतली मोत्याची अंगठी अलीकडे घट्ट होत चालली आहे असं त्यांची मुलगी सांगते, आणि दुसऱ्या मजल्यावर काकांनी दातांच्या दोऱ्याची नवी डबी आणून ठेवली आहे.