निघालोच!

आमच्या मजल्यावरचे आप्पा रोज वेळेवर निघतात. फक्त वेळेवर पोचत नाहीत.

डोंबिवलीतलं घर ते दादरचं ऑफिस, या प्रवासाची नोंद त्यांचा मोबाइल ठेवतो. स्टेशनपर्यंत चालत १२ मिनिटं, फलाटावर ५, फास्ट लोकलमध्ये ५० आणि दादरला उतरून १८, एकूण ८५. दहाला पोचायचं, म्हणून ८:३५ला मोबाइल वाजतो : ‘निघा!’ आप्पा ओरडतात, “निघालोच!” तेव्हा त्यांच्या अंगावर टॉवेल असतो.

“तुमचे ८५ म्हणजे मधला आकडा,” मी एकदा समजावलं. त्यांचे वीस दिवस चढत्या क्रमाने मांडले. दहा दिवस ८५ किंवा कमी, उरलेले दहा त्याहून जास्त. म्हणजे ८:३५ला उंबरा ओलांडला तरी महिन्यातून निम्मे दिवस लेटमार्क ठरलेला! अठरा दिवस १०५ मिनिटांच्या आत बसत होते. तेव्हा ८:१५ला निघालं, तर विसांत दोनदाच उशीर. शिवाय दोन मिनिटांचा उशीर दोनच मिनिटांचा राहत नाही. डोंबिवलीहून सुटणारी लोकल हुकली की मागून येते ती बदलापूरहून भरून आलेली. ती दिसते, तिच्यात शिरता येतंच असं नाही.

आप्पांनी गजर ८:१५चा केला. उशीर कमी झाला, पण विसांत दोनदावर काही आला नाही.

उलगडा काकूंनी केला. “अहो, तुमचा मोबाइल मोजायला लागतो फाटकापासून. त्याआधीचं कोण मोजणार?” काकूंनी मोजलं होतं, कॅलेंडरच्या मागे, पेन्सिलीने. ‘निघालोच’पासून फाटकापर्यंत सरासरी १४ मिनिटं. त्यात चष्मा शोधणे, पास शोधणे, गॅस बंद आहे ना ते पाहणे आणि लिफ्टच्या दारातून रुमालासाठी परतणे. मोबाइलच्या लेखी या वेळात आप्पा घरीच असतात. आप्पांच्या लेखी ते वाटेला लागलेले असतात.

मग गजर ८:०१ला आला. आठवडाभर आप्पा पावणेदहालाच ऑफिसात. साहेबांनी विचारलं म्हणे, “घरी सगळं ठीक ना?”

दुसऱ्या सोमवारी ८:०१ वाजले. आप्पांनी शांतपणे दुसरा चहा मागितला. “अगं, त्यात १४ मिनिटं धरलेली आहेत. वर २० जादाची.”

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून ते दहा मिनिटं पुढे आहे, आणि तेव्हापासून आप्पा त्यातून दहा वजा करत आले आहेत.

आता गजराची वेळ काकू ठरवतात. ती कशी काढली, हे मात्र आप्पांना सांगत नाहीत.