टपालपेटीवर नाव नसलेला माणूस

जर्मनीत माणूस विमानाने उतरतो, पण पोचतो टपालाने. बर्लिनमध्ये येणाऱ्या नव्या मराठी पोरांना मी हे पहिल्या दिवशी सांगतो आणि त्यांना ते पटत नाही. हातात ब्लू कार्डचा व्हिसा, खिशात नेमणुकीचं पत्र, पगार वर्षाला पंचाहत्तर हजार युरो. अशा माणसाला कोण अडवणार? अडवत कोणीच नाही. सगळे अगदी नम्रपणे एकमेकांकडे पाठवतात.

माझा भाचा पुण्याहून आला तेव्हा त्याच्याकडे रंगीत एक्सेल शीट होती. पहिला दिवस बँक, दुसरा दिवस विमा, तिसरा दिवस घर. मी ती शीट बघितली आणि चहा टाकला.

क्रम असा आहे की क्रमच नाही. बँक म्हणते, पत्त्याची नोंदणी दाखवा. नोंदणी होते ब्युर्गरआम्टमध्ये. तिथं म्हणतात, घरमालकाच्या सहीचा दाखला आणा, हा माणूस खरोखर माझ्या घरात राहायला आला आहे असा. घरमालक म्हणतो, घर देतो की, पण शुफाचा उतारा, तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि जर्मन खातं दाखवा. शुफा ही इथल्या माणसांच्या उधारीची वही सांभाळणारी कंपनी. ज्यानं या देशात अजून कुणाचं देणंच केलं नाही, त्याचं पान तिथं कोरं असतं, आणि कोऱ्या पानाकडे घरमालक डागाळलेल्या पानापेक्षा जास्त संशयानं बघतात. पगारपावती मिळायला पगार व्हावा लागतो. पगार व्हायला खातं लागतं.

कायदा तसा सरळ आहे: घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करा. त्या दोन आठवड्यांतली वेळ मिळणं ही मात्र तुमची जबाबदारी, आणि बर्लिनच्या ब्युर्गरआम्टची वेळ मिळवणं म्हणजे तत्काळ तिकीट काढणं. सकाळी लवकर पडद्यासमोर बसायचं, रद्द झालेली एखादी वेळ दिसली की झडप घालायची, मग ते कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला का असेना. उशीर झाला म्हणून वेळेची पावती दाखवणाऱ्याला सहसा कुणी दंड करत नाही. खरी गोम दाखल्यात आहे. सुट्टीसाठी भाड्यानं देतात तसल्या खोल्यांचे मालक बहुधा तो देतच नाहीत. त्यामुळं पहिल्या महिन्याची खोली घेताना स्वयंपाकघर कसं आहे हे विचारू नका. ‘इथं नोंदणी करता येईल का?’ एवढं एकच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. भाच्यानं स्वयंपाकघर विचारलं होतं. इंडक्शन उत्तम होतं.

आता बँक. नव्या माणसाला एक गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती त्याच्या फायद्याची आहे. 2016 पासून जर्मनीत मूलभूत खात्याचा कायदा आहे. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही, अगदी कायमचा पत्ता नसलेल्या माणसालाही, बँकेनं साधं खातं द्यायचं असतं, आणि तेही पूर्ण अर्ज मिळाल्यापासून कामाच्या दहा दिवसांत. नाकारायचं तर कारण देऊन नाकारायचं. खिडकीतल्या बाईंना ‘बाझिसकोंटो’ हा शब्द ऐकवला की त्यांच्या चेहऱ्यावर, आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज पुढं केल्यावर जो भाव येतो, तोच येतो. फी थोडी जास्त पडते, उधारीची सोय नसते. पण पगार जमा होतो, आणि पहिल्या महिन्यात माणसाला खात्याकडून आणखी काय हवं असतं?

बहुतेक पोरं मात्र मोबाईलवरच्या बँकेकडे धावतात. तिथं पाच मिनिटांत खातं उघडतं अशी जाहिरात असते. ती पाच मिनिटं सुरू होतात ओळख पटल्यानंतर. काही बँकांच्या व्हिडिओ-ओळखीत भारतीय पासपोर्ट चालत नाही. मग उरतं पोस्टिडेंट, म्हणजे पोस्टाच्या काउंटरवर पासपोर्ट दाखवणं. हे काउंटर बरेचदा विड्या-सिगारेटी आणि लॉटरी विकणाऱ्या दुकानाच्या कोपऱ्यात असतं. मराठी माणसाची पंचाईत तिथंच होते. आपल्या पासपोर्टात नावापुढं बऱ्याचदा वडिलांचं नाव असतं. अर्जात पोरं नुसतं नाव आणि आडनाव टाकतात. काउंटरवरचे गृहस्थ पासपोर्टात बघतात, पडद्याकडे बघतात, पुन्हा पासपोर्टात बघतात. पडद्यावर एक माणूस, पासपोर्टात दोन. भाच्यानं समजावलं, ‘हे माझे बाबा.’ ते म्हणाले, मग त्यांना स्वतंत्र अर्ज करावा लागेल.

अर्ज पासपोर्टबरहुकूम, वडिलांसकट, पुन्हा भरला की काम होतं. मग कार्ड येतं टपालानं. पिन येतो टपालानं, वेगळ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी, म्हणजे दोन्ही एकाच चोराच्या हाती लागू नयेत. नोंदणीनंतर कर-क्रमांक येतो, अकरा आकडी, तोही टपालानं. तो बरेच दिवस पोचलाच नाही तर शेवटी कंपनी सहाव्या वर्गाचा, म्हणजे सर्वांत जड कर कापते. पैसे पुढं हिशेबात परत येतात, पण पहिला पगार बघून माणूस खुर्चीत बसतो. आणि टपाल कधी येतं? टपालपेटीवर नाव असेल तर. इथं फ्लॅटला नंबर बहुधा नसतोच, आडनाव हाच पत्ता. पेटीवर जुन्या भाडेकरूचं आडनाव असेल तर पोस्टमन तुमचं पाकीट ‘इथं असा कोणी राहत नाही’ म्हणून परत पाठवतो. म्हणून सांगतो, भारतातून येताना लोणचं विसरलात तरी चालेल, चिकटपट्टी आणि मार्कर विसरू नका.

या सगळ्यात घामाघूम झालेल्या माणसासमोर एक संध्याकाळ अशी येते की सगळंच सोपं वाटतं. त्या संध्याकाळी कॉफी पाजायला विमा सल्लागार आलेला असतो.

जर्मनीत आरोग्यविमा हा बिस्मार्कच्या 1883 च्या कायद्यापासूनचा आहे, आणि तो इथं राहणाऱ्या प्रत्येकाला सक्तीचा आहे. व्हिसासाठी काढलेला स्वस्त प्रवासविमा नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतच कामाचा. तोच पुढं चालवून हप्ता वाचवू म्हणणारे निवास परवान्याच्या कार्यालयात तोंडावर पडतात. खरे रस्ते दोनच. सार्वजनिक विमाकोषात हप्ता पगाराच्या टक्केवारीनं ठरतो, अर्धा कंपनी भरते. खासगी विम्यात तो तुमच्या वयावरून, दुखण्यांवरून आणि निवडलेल्या सोयींवरून ठरतो, आणि प्रत्येक डोक्यामागं वेगळा लागतो. 2025 साली वर्षाला 73,800 युरोंपर्यंत पगार असलेल्या नोकरदाराला सार्वजनिक कोषच होता. भाच्याचा पगार त्याहून बाराशे युरोंनी जास्त. सल्लागाराला हे आकडे भाच्याच्या आधी माहीत होते.

सल्लागार मोठा गोड माणूस. त्यानं ‘नमस्कार’ म्हटलं, वडापाव आवडतो म्हणाला, आणि मग आयपॅड उघडलं. बत्तीस वर्षांचा निरोगी पुरुष, खासगी विमा, हप्ता सार्वजनिकपेक्षा बराच कमी. वर त्वचेच्या डॉक्टरची वेळ लवकर. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खासगी विमेकऱ्याला इथं वेळ लवकर मिळते, हे उघड गुपित आहे. त्यानं न सांगितलेलं तेवढं मी एका पाकिटाच्या मागं मांडून दाखवलं.

सार्वजनिक कोषाचा हप्ता पूर्ण पगारावर लागत नाही. 2025 साली महिन्याला 5,512 युरो 50 सेंटांवर तो थांबायचा. मूळ दर 14.6 टक्के, त्यावर प्रत्येक कोषाचा आपापला जादा आकार, त्या साली सरासरी अडीच. त्यातला निम्मा कामगाराचा, म्हणजे 471 युरो. शुश्रूषा विम्याचे आणखी 99. एकूण 570 च्या आसपास भाच्याच्या पगारातून जाणार, तेवढेच कंपनी घालणार. ऐकून तो म्हणाला, ‘मामा, एवढे? एका माणसाचे?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तिघांचे.’

चार महिन्यांनी त्याची बायको आणि मुलगा येणार होते. बायकोला इथं मिळकत नसेल तर ती आणि मुलगा सार्वजनिक कोषात त्याच हप्त्यात येतात, एक सेंटही जादा नाही. खासगीत तिचा हप्ता वेगळा, पोराचा वेगळा. सल्लागाराच्या आयपॅडवर भाचा अविवाहित होता.

आणि दार एकाच बाजूनं उघडतं. खासगीत गेलेला माणूस पगार मर्यादेखाली आल्याशिवाय साधारणपणे परत येऊ शकत नाही. वयाच्या पंचावन्ननंतर तर जवळपास कायमचं बंद. उलट, इथं पहिल्यांदाच नोकरी धरणाऱ्या मोठ्या पगाराच्या माणसाला स्वेच्छेनं सार्वजनिक कोषात शिरायला तीन महिन्यांची मुदत असते. म्हणजे निवृत्तीपर्यंत पुरणारा हा निर्णय कधी घ्यायचा? ज्या दिवसांत माणसाला दही आणि क्वार्क यांतला फरक कळत नसतो, तेव्हा. सल्लागार नेमका तेव्हाच का येतो, हे समजायला त्याची दलाली पाहावी. खासगी पॉलिसीमागं ती कित्येक महिन्यांच्या हप्त्यांएवढी असू शकते. सार्वजनिक कोषात माणूस नेऊन घातला तर मिळते फुटकळ बक्षिशी. वडापावाची आवड फुकट नसते.

भाच्यानं कोष निवडला आणि कंपनीला नुसतं नाव कळवलं. पुढचं कंपनी आणि कोष आपसात बघतात. विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो, कार्ड मात्र फोटो पाठवल्यावर सावकाश येतं. दरम्यान दाढ दुखली तर घाबरायचं नाही. कोषाकडून बदली दाखला मागवायचा, तो दवाखान्यात चालतो. भाच्याची दुखली. चालला.

मग बायको-मुलाच्या नावाचा अर्ज गेला आणि कोषाचं पत्र आलं, अर्थात टपालानं: पत्नीचं आडनाव वेगळं दिसतं, कृपया विवाहाचा दाखला पाठवावा. तिच्या पासपोर्टात माहेरचं आडनाव होतं. भाच्यानं पुण्याला आईला फोन लावला. ताईनं कपाट उपसलं. घराचं खरेदीखत सापडलं, भाच्याची बालवाडीची प्रगतिपुस्तकं सापडली, मुदत संपलेल्या तीन विमा पॉलिसी सापडल्या. महापालिकेचा दाखला काही सापडेना. रात्री तिनं लग्नाच्या अल्बमची सतरा पानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि खाली लिहिलं: ‘सप्तपदीच्या फोटोत दोघं स्पष्ट दिसतायत. मागे गुरुजीही आहेत. चालतं का विचार.’