पत्ता मावत नाही

मराठी माणसाचा पत्ता म्हणजे छोटं प्रवासवर्णनच असतं. फ्लॅट, विंग, इमारत, मग दत्तमंदिराच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोर. गिरणी बंद पडून वर्षं झाली तरी समोरच. हे आमच्या सोसायटीच्या पीडीएफ फॉर्मला कोण सांगणार? त्यात पत्त्याची चौकट ऐसपैस होती, सव्वाचार इंच लांब आणि अर्ध्या इंचाहून थोडी उंच. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पहिलं अक्षर दाबलं, तर ते चौकटभर उमटलं. "अगं बाई, हा ओरडतोय का माझ्यावर?" काकू टाइप करत गेल्या तसं सगळंच आक्रसत गेलं. शेवटी चष्मेवाल्याच्या तक्त्यातली तळची ओळ उरली. १४० अक्षरं एकाच ओळीत, जेमतेम चार पॉइंटची, आणि वर-खाली मोकळं मैदान. प्रिंट पाहून काकूंनी विचारलं, "इथे मी राहते की मुंगी?"

सेक्रेटरींनी मला बोलावलं. त्यांचं ठाम मत होतं, "अहो, Auto केलंय की!" तिथेच तर मेख होती. Auto ला चौकटीची उंची दिसते, पण ओळ मोडायची परवानगी त्याला कोणी दिलेली नसते. मग ते आधी उंचीला पुरेल एवढं फुगतं, आणि मजकूर कडेला भिडला की बिचारं अक्षरं बारीक करत बसतं.

ॲक्रोबॅटमध्ये फॉर्म तयार करण्याच्या खिडकीत चौकटीवर राइट क्लिक करून Properties उघडलं. Appearance मध्ये Font Size Auto होतं, ते तसंच ठेवलं. Options मध्ये Multi-line वर टिक केली. आता अक्षर बारा पॉइंटांनी सुरू झालं, ओळी मोडल्या, आणि जागा संपत आली तेव्हाच बारीक झालं. काकूंचा पत्ता साधारण नऊ पॉइंटांत, तीन ओळींत, गिरणीसकट बसला.

तरीही Auto वर माझा पूर्ण भरवसा नाही. कोणी गावाकडचा पत्ताही त्यातच कोंबला, तर ते निमूटपणे पुन्हा मुंगी होतं. म्हणून सेक्रेटरींच्या मनाविरुद्ध मी Font Size ९ करून टाकला आणि Scroll long text वरची टिक काढली. आता चौकट भरली की टायपिंगच थांबतं. माणूस चिडतो, पण निदान गिरणी गाळतो. ती टिक राहिली असती, तर मजकूर आत सरकत राहिला असता, कोपऱ्यात इवलंसं अधिक चिन्ह आलं असतं आणि कागदावर पिनकोड गायब झाला असता. त्या चिन्हाकडे आमच्या इमारतीत कोणीही बघत नाही.

फॉर्म करणाऱ्यांनो, एवढंच करा. पाठवण्याआधी त्यात आपल्या इमारतीतला सगळ्यात लांब पत्ता भरा आणि एक प्रिंट काढून चष्म्याशिवाय वाचून बघा.