पायाचं उपाशीपोटी माप

जालन्यात रक्तातली साखर तपासायची असेल तर लॅब सकाळी सातला उघडते. सुई टोचण्याआधी तिथला मुलगा विचारतो, "उपाशीपोटी आलात ना?" अर्धा कप चहा घेतला असं कबूल केलं तर तो सुई खाली ठेवतो आणि उद्या यायला सांगतो. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा त्याच्याशी वाद घालत नाही. साखर वेळेवर ठरते हे अख्ख्या जिल्ह्याला मान्य आहे.

पायाचा घेरही वेळेवर ठरतो. हे मात्र जिल्ह्यात दोघांनाच माहीत आहे. एक माझे डॉक्टर आणि दुसरं मोज्यांच्या डब्यातलं घडी घातलेलं माहितीपत्रक. पैकी डॉक्टर पावसाळ्यातल्या ओपीडीत एका पेशंटला चार मिनिटं देतात. माहितीपत्रक सीलबंद डब्यात असतं, आणि डबा उघडला की परत घेतला जात नाही. म्हणजे माप कसं घ्यावं हे माप देऊन विकत घेतल्यावर कळतं. व्यवस्थेला मी नावं ठेवत नाही, फक्त नोंद करतो.

माझा आजार मास्तरांचा आहे, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहिलं की शिरांमधल्या झडपा ढिल्या होतात आणि वर हृदयाकडे जायचं रक्त खाली साचतं. उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत साधारण 80 ते 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. निरोगी माणूस चालू लागला की पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो आणि हा दाब बराच उतरतो. झडपा गेलेल्या माणसात तो फारसा उतरत नाही. मग शिरेतलं पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं आणि संध्याकाळपर्यंत घोटा दिसेनासा होतो. रात्री आडवं झालं की पाय हृदयाच्या पातळीला येतात, झिरपलेलं पाणी परत रक्तात जातं आणि सकाळी घोटा हजर होतो. मे महिन्यात तो लवकर रजेवर जातो, कारण उन्हाने शिरा आणखी फुगतात.

यावरचे मोजे ज्याला सुचले तो कॉनरॅड जोब्स्ट नावाचा, अमेरिकेतल्या टोलेडो गावी राहणारा जर्मन वंशाचा अभियंता होता. त्याला स्वतःलाच पायाच्या जखमा होत्या. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की बरं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं. पाण्याचा दाब तळाशी जास्त आणि वर कमी, म्हणून घोटा घट्ट दाबला जातो आणि वर जावं तशी पकड सैल होते. तेच काम करणारा मोजा त्याने विसाव्या शतकाच्या मध्यात विणवला. माझ्या चिठ्ठीवर लिहिलेला 'क्लास 2' म्हणजे घोट्याला 23 ते 32 मिलिमीटर दाब. हिशेब केला तर तो फूट-दीड फूट पाण्याचा दाब आहे. जालन्यात दिवसभर दीड फूट पाण्यात उभं राहण्याची सोय कोणत्याही वॉर्डात नसल्यामुळे मोजा घेणं आलं.

हा दाब मोज्यात भरलेला नसतो, तो मोजा ताणल्यावर तयार होतो. किती ताणायचा हे कारखान्याने विणतानाच ठरवलेलं असतं, आणि ते अमुक सेंटीमीटरचा घोटा गृहीत धरून. घोटा त्या घेराचा असेल तर 23 ते 32. बारीक असेल तर मोजा पुरेसा ताणला जात नाही, आणि चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, पायाला साधा जाडसर मोजा मिळतो. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'माप घेऊन' असे दोन शब्द लिहिले आणि तोंडी सांगितलं, "सकाळी उठल्या उठल्या घ्यायचं, सूज यायच्या आत."

सर्जिकलचं दुकान अकराला उघडतं. अकरा ही दुकानदाराची सकाळ आहे. माझ्या पायाची ती दुपार आहे. त्यातून नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर पायाची सकाळ पहाटेच संपलेली असते, कारण आमच्याकडे पाणी कित्येक दिवसांनी येतं आणि वेळ तेच ठरवतं. पाइप धरून तासभर उभं राहिल्यावर मग देवपूजा, पेपर, बँक आणि दुकान.

दुकानातल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "सर, बुटाचा नंबर किती?" मोजा पुढून उघडा, बोटं बाहेर राहणारी जात. बुटाच्या नंबराचा त्याच्याशी काय संबंध, असं मी विचारलं. "अंदाज येतो," असं तो म्हणाला. दुसरा प्रश्न वजनाचा होता. तिसऱ्या वेळी त्याने शिंप्याची टेप काढली आणि पँटवरूनच पोटरीला गुंडाळली. टेपखाली स्वतःचं एक बोट ठेवलं, 'ढील' म्हणून. लग्नाच्या सफारीला ती ठीक आहे. इथे त्या बोटाने दोन-एक सेंटीमीटर माझ्या पायात जमा केले आणि ते पायाचे नव्हतेच.

आकडे सांगतो, म्हणजे तक्रार हवेत राहणार नाही. डब्याच्या मागे तक्ता छापला होता. एम म्हणजे घोटा 21 ते 24 सेंटीमीटर, पोटरी 33 ते 39. एल म्हणजे घोटा 24 ते 27, पोटरी 37 ते 43. माझ्या उजव्या पायाचा सकाळचा घोटा साडेबावीस आणि पोटरी छत्तीस. दोन्ही आकडे एमच्या मधोमध बसतात, शंकेला जागाच नाही. दुकानात, पँट वर करून, बोट काढून घेतलेलं त्याच पायाचं माप घोटा साडेचोवीस आणि पोटरी अडतीस. हेही एलमध्ये बसतं, शंकेला जागाच नाही. पाय एक, तक्ता एक, टेप एक, आणि साइज दोन. दोन्ही बरोबर.

एल घेतला तर काय होतं हे शेजारच्या शेतकी खात्यातल्या निवृत्त बंधूंच्या पायावर पाहिलं आहे. सकाळी घालताना तो सहज चढतो, आणि माणूस खूश होतो. खरं तर तेच पहिलं लक्षण. योग्य मापाचा क्लास 2 सहज चढत नाही, घालताना माणूस रबरी हातमोजे मागतो. एल मात्र दहा वाजेपर्यंत घोट्यावर उतरून वळ्या पाडतो. मग माणूस वर ओढतो, तो पुन्हा उतरतो, शेवटी वैतागून माणूस वरची कड दुमडून ठेवतो. दुमडलेल्या कडेत दुहेरी पकड येते. ज्या मोज्याचा दाब खाली जास्त आणि वर कमी असायला हवा, तो गुडघ्याखाली करकचून आवळतो आणि घोट्याला मोकळा सोडतो. रक्त वर जायचं, तर वाटेत नाकाबंदी. संध्याकाळी पिंडरीवर खोल वळ दिसतो आणि बंधू म्हणतात, हे मोजे काही कामाचे नाहीत.

बंधूंच्या बाबतीत निदान घोटा आणि पोटरी एका साइजवर एकमत तरी होते. घनसावंगीच्या आमच्या मेहुण्यांचं तसं नाही. तरुणपणी कुस्ती केलेली, त्यामुळे घोटा एकवीस आणि पोटरी बेचाळीस. तक्त्यात घोटा एमला चिकटतो आणि पोटरी एलमध्ये जाते. घोट्याचं ऐकलं तर वर रुततो, पोटरीचं ऐकलं तर खाली दाब नाही. असल्या पायाला रुंद पोटरीचा वेगळा प्रकार लागतो, नाहीतर पायाची मापं पाठवून शिवून घ्यावा लागतो. दुकानातल्या मुलाने मधला मार्ग काढला. "मामा, दोन्हीच्या मधलं घ्या." दोन्हीच्या मधलं डब्यात येत नाही. मेहुणे एसटीत पाय लोंबकळत ठेवून आले होते, तेव्हा बेचाळीस हा आकडाही एसटीचा धरावा की पायाचा, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

आणखी एक विचारायचं राहतंच, ते म्हणजे पायाची नाडी. मधुमेहाने किंवा तंबाखूने पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असतील तर आवळणाऱ्या मोज्याने रक्त यायचंच बंद होऊ शकतं, आणि बधिर पायाला ते कळतही नाही. बोटं थंड, निळसर किंवा मुंग्या आलेली वाटली तर मोजा काढायचा आणि डॉक्टर गाठायचा. माझी नाडी डॉक्टरांनी आधी तपासली. दुकानात बुटाचा नंबर तपासतात.

तेव्हा मी घरीच व्यवस्था केली. पहाटे उठण्याआधी सौभाग्यवतींनी टेप आणायची, सेंटीमीटरची बाजू वर. टेप उघड्या कातडीला लागेल, पण रुतणार नाही. घोट्याच्या हाडाच्या जरा वर, जिथे पाय सर्वात बारीक तिथे एक माप. पोटरी जिथे सर्वात जाड तिथे दुसरं. टाचेपासून गुडघ्याच्या घडीपर्यंत उंची तिसरं. दोन्ही पाय वेगळे, कारण दुखरा पाय नेहमी जास्त जागा घेतो आणि डब्यात मात्र जुळे भाऊ असतात. उशीर झालाच तर अर्धा तास पाय उशांवर उंच ठेवून मग मोजायचं. सौभाग्यवतींचं म्हणणं, लग्नाच्या वाढदिवसाला कोणी एवढ्या पहाटे उठवलं नव्हतं.

हे सगळं कागदावर लिहिलं, खाली वेळ टाकली, 'सकाळी 5.40', आणि सही केली. दुकानात कागद दिला. मुलाने तो मन लावून वाचला आणि मालकांना दाखवला.

"कोणी मोजलं हे?" मालकांनी विचारलं.

"घरी मोजलं. वेळ लिहिली आहे."

"चांगलं केलं सर. पण कामून रिस्क घेऊ लागले? खात्रीसाठी इथं एकदा मोजून घेऊ."

तेव्हा दुपारचे पाऊण वाजले होते. मी नको म्हणेपर्यंत टेप घोट्याभोवती गेली होती.

"साडेचोवीस," मालक म्हणाले. "बघा. घरच्या टेपा अशाच असतात." आणि माझ्या कागदावरचा साडेबावीस त्यांनी लाल पेनाने दुरुस्त करून दिला. वेळेला हात लावला नाही. त्यामुळे आता माझ्याकडे सकाळी 5.40 ला साडेचोवीस सेंटीमीटर असलेल्या घोट्याचा लेखी पुरावा आहे. एम मागितला तर तो शिल्लक नव्हता. एल भरपूर होते, कारण गावात सगळ्यांना एलच लागतो.