शिक्का दिसतोय की!

आमचा भाचा मन्या गुरुग्रामच्या एका कंपनीत उमेदवारांची प्रमाणपत्रे तपासतो. म्हणजे उमेदवाराने चढवलेली पीडीएफ उघडतो, ती दुप्पट मोठी करतो, गोल शिक्का पाहून समाधान पावतो आणि ‘पडताळणी झाली’च्या चौकोनात खूण करतो.

“मामा, एकदम क्लिअर स्कॅन आहे. कुलसचिवांची सहीसुद्धा वाचता येते.”

“वा! म्हणजे स्कॅनर अस्सल निघाला.”

मन्याला राग आला. प्रत स्वसाक्षांकित आहे, असे त्याने सुनावले. पूर्वी राजपत्रित अधिकारी हिरव्या शाईने सही ठोकायचा; तोही एवढेच सांगे की झेरॉक्स समोरच्या कागदासारखी दिसते. तो समोरचा कागद खरा की खोटा, याची जबाबदारी त्याच्याकडे कधीच नव्हती. आता ज्याच्यावर संशय घ्यायचा, त्यालाच सही करायला सांगतो. तेवढाच एक हेलपाटा वाचला.

मग मी त्याला दिल्लीचीच कथा सांगितली. 2015 च्या फेब्रुवारीत त्रिनगरचे आमदार जितेंद्रसिंह तोमर दिल्लीचे मंत्री झाले. खाते कोणते? कायदा! त्यांच्या वकिलीच्या पदवीचा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा बिहारच्या तिलका मांझी भागलपूर विद्यापीठाने आपली नोंदवही उघडली. तोमरांच्या तात्पुरत्या प्रमाणपत्रावर क्रमांक होता 3687 आणि साल 2001. नोंदवहीत हा क्रमांक खरोखरच होता, फक्त तो 1999 साली दुसऱ्याच विद्यार्थ्याला, राज्यशास्त्राच्या बीएसाठी दिलेला होता.

मन्याने इथे दोनशे टक्के काय, दोन हजार टक्के मोठे करून पाहिले असते तरी काय दिसले असते? क्रमांकच. तो कोणाचा, हे कागदाच्या कुठल्याच कोपऱ्यात छापलेले नसते. खाडाखोड, वेगळा टंक, वाकडा शिक्का यांवरून संशय घेता येतो. पण सगळे नीट दिसते म्हणून खात्री देता येत नाही. बरे, वकिलीच्या प्रवेशाच्या मुळाशी होती फैजाबादच्या अवध विद्यापीठाची बीएस्सी, आणि तिच्यावरही प्रश्नचिन्ह. एका पदवीची चौकशी म्हणजे तिच्याखालच्या पदवीची चौकशी नव्हे. प्रत्येक पायरीला तिच्याच गवंड्याला विचारावे लागते.

पुढचा भाग तर माझ्या फार आवडीचा. पदवी खरी असल्याचा पुरावा म्हणून अवध विद्यापीठाचे माहिती अधिकारातले उत्तर पुढे आले. विद्यापीठ म्हणाले, हे उत्तरही आमचे नव्हे! तोमर आरोप नाकारत राहिले, जूनमध्ये अटक झाली, मंत्रिपद गेले. 2020 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची 2015 ची निवडणूकच रद्दबातल ठरवली. भागलपूर विद्यापीठाने मधल्या काळात त्यांची वकिलीची पदवी रद्द केली. आता रद्द करायची तर आधी दिलेली असावी लागते, नाही का? म्हणून ‘तुमची पदवी आहे ना?’ एवढे विचारून भागत नाही. प्रवेश, परीक्षा आणि निकाल यांच्या नोंदी जुळतात का, हेही विचारावे.

“मग करायचे काय?” मन्याने विचारले.

डिजीलॉकरमध्ये ‘इश्यूड’ कागद आणि ‘अपलोडेड’ कागद असे दोन कप्पे असतात. पहिल्यातला कागद विद्यापीठाच्या खात्यातून येतो, दुसऱ्यात उमेदवार स्वतः स्कॅन टाकतो. झाडाचा फोटोही तिथे सुखाने राहील. पहिला कप्पा उमेदवाराने तुझ्यासमोर उघडावा, त्याचा स्क्रीनशॉट चालणार नाही. क्यूआर कोड असला तर कोणत्या संकेतस्थळावर नेतो ते वाच. हिरवी बरोबरची खूण काय, दोनशे रुपयांच्या संकेतस्थळावरही उगवते. जुनी पदवी डिजीलॉकरमध्ये नसेल, तर परीक्षा नियंत्रकाला पत्र. पत्ता प्रमाणपत्रावरचा नको, विद्यापीठाच्या स्थळावरून स्वतः शोधलेला. उमेदवाराची लेखी संमती जोड. आणि ‘हे खरे आहे का’ असे विचारलेस तर कारकून ‘होय’ लिहून मोकळा होईल. बैठक क्रमांक आणि वर्ष दे, आणि विचार की तुमच्या नोंदीत या क्रमांकावर नाव, अभ्यासक्रम, श्रेणी काय आहे. मग त्याला नोंदवही काढावीच लागते. उत्तर थेट कंपनीच्या पत्त्यावर येऊ दे.

मन्याने पत्र धाडले. दुसऱ्याच दिवशी उमेदवाराचा फोन: “सर, तुम्ही कशाला त्रास घेता? उत्तर मीच हातोहात आणून देतो.” मन्याने नम्रपणे नकार दिला. मला अभिमान वाटला.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाचे उत्तर आले. शुल्क भरावे, आणि पडताळणीसाठी प्रमाणपत्राची स्वसाक्षांकित प्रत, स्पष्ट स्कॅन करून, सोबत जोडावी.